उलट्या लिलावातलं घड्याळ

साखर कारखान्याच्या खरेदी विभागात माझी बावीस वर्षं झाली. या काळात मी कुणाचा चहासुद्धा हिशेबाबाहेर प्यायलो नाही, असं म्हटलं तर लोक हसतात, पण ते खरं आहे. दिवाळीला पुरवठादारांकडून येणारे मिठाईचे डबे मी फाटकावरूनच परत पाठवत असे. बायको म्हणायची, "आपल्या घरी सणाला मिठाई येत नाही, नुसता तुमचा मोठेपणा येतो." मला त्याचा राग यायचा नाही. आकडा स्वच्छ असला की माणूस स्वच्छ असतो, अशी माझी समजूत होती.

ही समजूत ज्या कामामुळं गेली त्याबद्दल लिहायचं आहे.

आमचा कारखाना धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वेकडं, माकणी धरणाच्या पाण्यावर ज्यांचा ऊस उभा असतो अशा गावांच्या मधोमध आहे. खासगी आहे. काही वर्षांपूर्वी मालकांनी पुण्याहून नवे कार्यकारी संचालक आणले. हुशार माणूस. आल्याबरोबर त्यांनी खरेदीचं पोर्टल घेतलं आणि मला बोलावून उलटा लिलाव समजावून सांगितला. साध्या लिलावात घेणारे भाव चढवत जातात. उलट्या लिलावात घेणारा एकटा असतो, देणारे अनेक असतात, आणि ते आपापला भाव उतरवत जातात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सगळे आपापल्या गावातून संगणकावर बसतात. प्रत्येकाला चालू असलेला सर्वांत कमी भाव दिसतो, स्वतःचा नंबर दिसतो, समोरच्याचं नाव दिसत नाही. वेळ अर्धा तास. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी भाव उतरवला तर घड्याळ पुन्हा पाच मिनिटांवर जातं, म्हणजे शेवटच्या सेकंदाला बोली टाकून कुणी पळून जाऊ शकत नाही. पाच मिनिटं कुणीच हललं नाही की लिलाव बंद.

पहिला लिलाव मी साखरेच्या पोत्यांचा केला. पन्नास किलोची प्लास्टिकची पोती, सहा लाख नग. याआधी तीन व्यापारी आम्हाला पोती देत. एका वर्षी एकाचा भाव कमी, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याचा, आणि फरक नेहमी पाच-दहा पैशांचा. ते आपसात ठरवून वाटून घेतात हे मला दिसत होतं, पण सिद्ध करता येत नव्हतं. लिलावाला नऊ कारखानदार आले, त्यातले पाच परराज्यातले. सतरा रुपये चाळीस पैशांवरून भाव पंधरा रुपये दहा पैशांवर आला. नगामागं दोन रुपये तीस पैसे, सहा लाख नगांवर तेरा लाख ऐंशी हजार. पोती आली, प्रयोगशाळेत वजन केलं, ताण देऊन पाहिली, सगळी बरोबर. पोतं हे पोतंच असतं. त्याचं वजन, वीण, शिलाई सगळं कागदावर मावतं, आणि ते बनवणारे शंभर जण असतात. तिथं भाव पडला तो खराच पडला, आणि कुणाचं वाईट झालं असेल तर त्या तिघांचं, ज्यांचं व्हायलाच हवं होतं. हे मी आजही म्हणतो.

संचालक मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "हे काम बावीस वर्षांपूर्वी सुरू व्हायला पाहिजे होतं." मला ते कौतुक वाटलं. आता वाटतं, तो टोमणा असावा. ते पुढं म्हणाले, "आणखी कशाकशाचा लिलाव करता येईल त्याची यादी द्या." मी अकरा वस्तूंची यादी दिली. गंधक, चुना, ग्रीस, वेल्डिंग रॉड वगैरे. सातव्या नंबरला मी लिहिलं होतं, मिलचे स्क्रेपर. मला कुणी ते लिहायला सांगितलं नव्हतं.

स्क्रेपर म्हणजे काय ते सांगतो. मिलच्या ज्या रोलरांमधून ऊस पिळला जातो ते गुळगुळीत नसतात, त्यांच्यावर गोल खोबणी पाडलेल्या असतात. पिळलेला चोथा त्या खोबणीत बसतो. तो खरवडून काढायला दात्यांची जाड लोखंडी प्लेट लावतात. तिचे दाते खोबणीत बरोबर बसले पाहिजेत. ढिले बसले तर चोथा साचतो, चुकीचे बसले तर रोलरच खराब होतो. आमच्या चार मिल. प्रत्येकीला दोन प्लेटी आणि तेवढ्याच जादा, अशा सोळा प्लेटी दरवर्षी लागत.

पंधरा वर्षं त्या एकच माणूस करत होता. उमरग्याच्या अलीकडं हायवेला लागून त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. साठी ओलांडलेला, उंच, बोटांना कायम तेलाचा काळा रंग. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, मीही. मुलगा लेथवर असायचा, बी.कॉम. झालेली सून बिलं आणि जीएसटी बघायची. शिवाय पगारी पाच कामगार. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत, जेव्हा बाकी कामं थंड असतात, तेव्हा त्या पाच जणांचा पगार आमच्या सोळा प्लेटींवर निघत असे. हे मिस्त्रीनं मला एकदा स्वतः सांगितलं होतं. भाव वाढवून मागण्यासाठी सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं की तुम्ही लोखंड तासायची ही मोठी शेपिंग मशीन वर्षभर कशावर चालवता, त्याचं उत्तर म्हणून सांगितलं होतं.

हंगाम संपून मिल उघडली की मिस्त्री न बोलावता यायचा. प्लायवुडचे तुकडे घेऊन रोलरपाशी उकिडवा बसायचा, बॅटरी मारायचा, तुकडा खोबणीला लावून कानशीनं घासायचा, पुन्हा लावायचा. दोन दिवस हे चालायचं. मग ते फर्मे घेऊन जायचा आणि त्यावरून दाते कापायचा. आमच्या खरेदी आदेशात म्हणून एक ओळ असे, "पुरवठादाराने जागेवर माप घेऊन". ही ओळ माझ्याही आधीच्या माणसानं लिहिलेली होती. मी दरवर्षी ती उतरवून काढायचो.

लिलावासाठी कागद करताना हीच ओळ आड आली. लांबचा माणूस माप घ्यायला दोन दिवस येणार नाही, आला तरी त्याचा खर्च भावात धरणार, आणि मग दोन भावांची तुलना कशी करायची? सगळ्यांना एकच वस्तू एकाच वर्णनात मिळाली तरच लिलाव न्यायाचा होतो. हे तत्त्व बरोबरच आहे. मी मुख्य अभियंत्यांना फोन केला. ते दोन वर्षांपूर्वीच रुजू झाले होते.

"ड्रॉइंग आहे का हो स्क्रेपरचं?"

"आहे की. कपाटात सगळ्या मिलची आहेत. पाठवतो."

ड्रॉइंग आलं. मी ती जुनी ओळ काढली आणि लिहिलं, "सोबतच्या ड्रॉइंगप्रमाणे". बोलीच्या आधी पोर्टलवर शंका विचारायची सोय असते. एका परजिल्ह्यातल्या फाउंड्रीनं विचारलं, माप जागेवर घ्यायचं की ड्रॉइंगप्रमाणे? मी उत्तर दिलं, ड्रॉइंगप्रमाणे. ते उत्तर माझ्या नावानं आजही पोर्टलवर आहे.

मिस्त्री लिलावाच्या चार दिवस आधी ऑफिसात आला.

"भाऊसाहेब, हे काय नवीन काढलंय? सुनंच्या फोनवर आलंय कायतरी."

मी समजावलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजी मी पासष्ट हजाराला एक प्लेट देतो, ते तुमाला लई वाटतंय."

"मला वाटण्याचा प्रश्न नाही, मिस्त्री. बाजारात काय भाव आहे ते कळेल."

"बाजारात बैल मिळतो. आपल्या दावणीचा बैल बाजारात मिळतो व्हय?" तो हसला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "समोर खरी माणसं असत्यात ना पण? का तुमीच कोपऱ्यात बसून आकडे टाकता?"

असं करणारे आहेत, हे मला ठाऊक होतं. आपलाच एखादा माणूस खोट्या नावानं बसवतात आणि देणाऱ्याला खाली ढकलत नेतात. मी त्याला सांगितलं, "माझ्या लिलावात नाही. एकही खोटी बोली पडणार नाही, आणि घड्याळाला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द."

"तुमचा शब्द हाय म्हंजी हाय," तो म्हणाला आणि उठला.

लिलाव जूनमध्ये झाला, दुपारी तीन ते साडेतीन. सहा जणांचे कागद आले होते, दोन अपात्र ठरले, चौघं बसले. सुरुवातीचा भाव जुनाच ठेवला होता, सोळा प्लेटींचे दहा लाख चाळीस हजार. प्रत्येक बोली आधीच्या सर्वांत कमी भावापेक्षा किमान पाच हजारांनी कमी हवी. घेणाऱ्याच्या पडद्यावरही लिलाव संपेपर्यंत नावं दिसत नाहीत, नुसते बोलीदार एक, दोन, तीन, चार. पण मला ओळखू येत होतं. तिघं पटापट येत होते. चौथा प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटं थांबायचा आणि मग अगदी पाच हजारच उतरायचा. नऊ लाख दहा हजारांनंतर तो चौथा आलाच नाही. बाकीचे घड्याळ पुन्हा पुन्हा मागं नेत राहिले. लिलाव चार वाजून सात मिनिटांनी आठ लाख पाच हजारांवर बंद झाला. माप कुठं घ्यायचं असं विचारणारी ती फाउंड्री पहिली आली. दोन लाख पस्तीस हजारांची बचत, शेकडा साडेबावीसच्या थोडी वर. मी त्याच संध्याकाळी टिपण करून संचालकांना दिलं.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आणि मिस्त्री?"

"मिस्त्री काय? तोही बसला होता. त्याला परवडलं नाही."

"आपली भाजीवाली बाई दुसरीपेक्षा दोन रुपये जास्तच घेते. पण तुम्ही आजारी होता तेव्हा रोज घरी पालक आणून देत होती."

"कारखाना पालकावर चालत नाही," मी म्हणालो. तिनं भाकरी वाढली.

प्लेटी ऑगस्टअखेर यायच्या होत्या. फाउंड्रीवाल्याला आमच्या कामात फार काही उरत नव्हतं, म्हणून तो इतरांची जास्त भावाची कामं पुढं घेत राहिला. मी पत्रं पाठवली, दंडाचं कलम दाखवलं. त्यानं फोनवर सरळ सांगितलं, "साहेब, तुमच्या दंडाइतका नफाच नाही या कामात, दंड कापा." प्लेटी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आल्या. माझ्या माणसानं ड्रॉइंग लावून मोजल्या. सूतभरही फरक नव्हता.

बसवायला काढल्या तेव्हा ऑक्टोबर निम्मा सरला होता. पहिल्या आणि चौथ्या मिलच्या बसल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मिलच्या प्लेटींचे दाते खोबणीत जाईनात. ड्रॉइंगमध्ये दोन दात्यांमधलं अंतर पन्नास मिलिमीटर, रोलरवर खोबणी चाळीसला. फिटर माझ्या ऑफिसात आला, हातात पट्टी. म्हणाला, "साहेब, रोलर बदलून सहा वर्षं झाली की. तवाच खोबण बारीक केली होती."

"मग ड्रॉइंग?"

"ड्रॉइंग कोण बघतंय? मिस्त्री माप घेत होता ना."

सोळातल्या आठ प्लेटी वाया. फाउंड्रीवर टाकायची सोय नव्हती, त्यानं कागदावर विचारलं होतं आणि मी कागदावर उत्तर दिलं होतं. ऊसतोडीच्या टोळ्यांना उचल देऊन झाली होती, पहिल्या टोळ्या येऊन राहायला पाचटाच्या कोप्या बांधत होत्या. मोळी टाकून गाळप सुरू करायचा मुहूर्त पंधरा दिवसांवर होता. निदान चार प्लेटी तेवढ्यात हव्या होत्या. त्या रोलरचं माप ज्याच्या घरी तयार होतं असा एकच माणूस होता.

मी मोटारसायकल काढली आणि उमरग्याला गेलो.

वर्कशॉपमध्ये पाचातले दोनच कामगार होते. मोठ्या शेपिंग मशीनवर गोणपाट टाकलेलं होतं. मिस्त्री बाहेर बाजेवर बसला होता. मला बघून उठला, "या भाऊसाहेब," म्हणाला, पण हात पुढं केला नाही. सून पाणी घेऊन आली. मी काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ओळ मी काढली हेही सांगितलं.

"ड्रॉइंग मी उघडलंच न्हवतं," तो म्हणाला. "मला काय करायचंय ड्रॉइंग? काम मिळालं असतं तर माप घ्यायला आलोच असतो."

"आता या. चार प्लेटी. तुमचा जुना भाव, पासष्ट. वरती घाईचे म्हणून काय घ्यायचे ते घ्या, मी मंजूर करून आणतो."

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "भावाचं न्हाय. एक सांगा. त्या दिवशी तुमी मला बंद का केलं?"

मला कळेना.

"घड्याळ म्हणतोय मी. नऊ-धाला आमी होतो. सून म्हणाली, मामा, बंद झालं, वेळ संपली. म्हटलं, ठीक हाय, नशीब. नंतर आठ दिवसांनी लातूरच्या एका पार्टीनं सांगितलं, तीबी बसली होती. म्हणाली, चार वाजून गेले तरी चालूच होतं. आमचं पावणेचारलाच बंद. म्हंजी त्यांचं घड्याळ येगळं आन आमचं येगळं?" त्याचा आवाज चढला नव्हता. "मी आठ लाखापर्यंत जाणार होतो, भाऊसाहेब. तोटा खाऊन. ही पाच माणसं सहा म्हैने टिकली असती. तीन गेली. त्यातला एक दाते कापणारा होता, चाकणला गेला. तुमाला भायेरचा आणायचा होता तर तोंडावर सांगायचं. लिलाव करून, माझा शब्द म्हणून, मग दार लावायचं, हे कसलं?"

"असं होऊच शकत नाही," मी म्हणालो. "पोर्टलवर प्रत्येक सेकंदाची नोंद असते. मी कागद काढून आणतो. उद्या."

"आणा. कागदात तसं असंल तर मी तुमचे पाय धरीन आन चार प्लेटी फुकट करून देईन."

मी परत आलो आणि ऑफिसात बसून नोंद काढली. माझं मन अगदी शांत होतं, कारण मला खात्री होती. नोंदीत होतं ते असं. बोलीदार चार, म्हणजे मिस्त्री, शेवटची बोली तीन एकेचाळीस, नऊ लाख दहा हजार. तीन बेचाळीसला दुसऱ्यानं नऊ लाख पाच हजार टाकले, घड्याळ पुन्हा पाच मिनिटांवर. तीन त्रेचाळीसला बोलीदार चार बाहेर पडला. आमच्याकडून बंद झालं नव्हतं. त्यांच्याच बाजूनं खातं बंद केलेलं होतं, त्यांच्याच लॅपटॉपवरून, चार मिनिटं शिल्लक असताना. आणि पुन्हा आत यायचा एकदाही प्रयत्न झालेला नव्हता.

मी तो कागद दोन वेळा छापला, एक फाईलला आणि एक बॅगेत.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला सून उभी होती. बहुधा माझीच वाट बघत. डोक्यावरून पदर. मी गाडी थांबवली.

"कागद आणला का?" तिनं विचारलं.

"आणला."

"त्यात मी बंद केलं ते दिसतं का?"

"तीन त्रेचाळीसला. दिसतं."

ती खाली बघत बोलली, पण तिच्या बोलण्यात अडखळणं नव्हतं. "नऊ दहाला प्लेटीमागं आमचे साडेचारशे उरत होते. लोखंड, वीज, मजुरी, तुमच्याकडं पोचवायचं भाडं, सगळं धरून मी काढलं होतं. त्याच्या खाली घरातून घालायचं होतं. मामा म्हणाले, दाब, आठपर्यंत दाब. आठला लाखभर रुपये आमचेच गेले असते. बँकेचा हप्ता मशीनवर आहे. मशीन गेलं असतं तर कामगार कशावर टिकले असते? ह्यांना विचारलं तर हे मामांच्या पुढं बोलत नाहीत. मी खातं बंद केलं, लॅपटॉप मिटला आणि वेळ संपली म्हणाले."

मी मनातल्या मनात हिशेब केला. नऊ लाख दहा हजार भागिले सोळा, छप्पन्न हजार आठशे पंचाहत्तर. आठ लाखाला पन्नास हजार. फरक सहा हजार आठशे पंचाहत्तर. त्यातून साडेचारशे वजा, सहा हजार चारशे पंचवीस गुणिले सोळा, एक लाख दोन हजार आठशे. तिचा आकडा बरोबर होता. माझ्या ऑफिसात एवढा नीट हिशेब कुणी करत नाही.

"तुम्ही बरोबर केलंत," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे. पण त्यांनी घरात वीस वर्षं कुणाचं खोटं खपवून घेतलं नाही. पोरीसारखी मानतात, सगळे व्यवहार माझ्या हातात दिलेत. हे कळलं तर..." ती थांबली. "काका, मी तुम्हाला कागद दाखवू नका म्हणत नाही. तुमचं काम अडलंय ते मला कळतं. तुम्हाला काय करायचं ते करा."

ती मागच्या वाटेनं शेडकडं गेली. मी गाडी घेऊन पुढून गेलो.

मिस्त्री कालच्याच बाजेवर होता. चष्मा लावून बसला होता, कागद वाचायला. मशीनवरचं गोणपाट काढलेलं दिसलं. बाजूला दुसऱ्या मिलचे प्लायवुडचे फर्मे भिंतीला टेकवून ठेवले होते. म्हणजे त्याला तो कागद माझ्या बाजूनं निघायला हवा होता. ते बघून मला जास्तच वाईट वाटलं.

"आणला?"

बॅग माझ्या मांडीवर होती. आतला कागद काढला असता तर माझा शब्द खरा ठरत होता, चार प्लेटी होत होत्या, मिल मुहूर्तावर सुरू होत होती. बावीस वर्षांत आकडा लपवायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "निघाला नाही. नोंद सापडत नाही."

त्यानं चष्मा काढला. घडी करून खिशात ठेवला.

"काल म्हणाला, सेकंदाची नोंद असती."

"असते. पण ही नाही सापडली."

"सापडणारच न्हाय," तो म्हणाला. "पंधरा वर्षं तुमचा फोन आला की ऑर्डरची वाट न बघता लोखंड कापाय घ्यायचो. सगळ्यांना सांगायचो, त्या हाफिसात एक माणूस हाय." त्यानं मुलाला हाक मारून फर्मे आत ठेवायला सांगितले. मग पुन्हा माझ्याकडं वळून म्हणाला, "च्या घ्या. घरी आलेल्याला च्या दिल्याबगर पाठवत न्हाय आमी."

सुनेनं चहा आणला. कप ठेवताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही, मीही तिच्याकडं बघितलं नाही. मी तो चहा प्यायलो.

चार प्लेटी शेवटी सोलापूरच्या एका वर्कशॉपनं केल्या. त्यांचा माणूस येऊन तीन दिवस मापं घेत बसला, तरी पहिल्या दोन पुन्हा घासाव्या लागल्या. मिल मुहूर्तावर पूजा होऊन उभीच राहिली आणि अकरा दिवसांनी चालली. अकरा दिवस टोळ्या कोप्यांत बसून होत्या. त्यांचं नुकसान कुठल्याच खात्यात धरलं जात नाही. सोलापूरच्या प्लेटींचा खर्च दुरुस्तीच्या खात्यात गेला, अकरा दिवसांचं कारण "तांत्रिक" असं लागलं. माझ्या विभागाच्या वार्षिक अहवालात स्क्रेपरसमोर दोन लाख पस्तीस हजारांची बचत तशीच राहिली. मी ती खोडायचं टिपण पाठवलं. संचालकांनी त्यावर लिहिलं, "लिलावाच्या दिवशीची बचत ती बचतच." ड्रॉइंग मात्र आम्ही नवीन करून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात स्क्रेपरचा लिलाव पुन्हा लावला. आधीची फाउंड्री आली नाही. लातूरची पार्टी आली नाही. मिस्त्री येणार नव्हताच, पण तो उमरगा-लोहारा भागात जिथं जातो तिथं सांगतो की त्या कारखान्याचं घड्याळ खोटं आहे, आणि त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात. मीही ठेवला असता. एकच बोलीदार बसला. सुरुवातीचा भाव अकरा लाख वीस हजार ठेवला होता. त्यानं एकदाच बोली टाकली, पाच हजार कमी, आणि मग अर्धा तास घड्याळ आपोआप खाली येत राहिलं. मी पडद्यासमोर बसून होतो. साडेतीनला ते थांबलं.

फाईलमध्ये एक रकाना असतो, जुन्या पुरवठादारानं भाग का घेतला नाही. मी लिहिलं, "कारण कळवले नाही." खाली सही केली. तीन त्रेचाळीसचा तो कागद त्याच फाईलला लावलेला आहे. ज्याला बघायचा असेल त्याला दिसेल, पण मिस्त्री आमच्या ऑफिसात आता येत नाही.